मेलमधला आकडा चुकला? दुरुस्ती अशी पाठवा

मैत्रिणींनो, गटाचे निरोप आता मेलवरही जाऊ लागलेत. मेल पाठवून दोन दिवस होतात आणि मग आपल्याच ध्यानात येतं की आपण आकडा चुकीचा लिहिला. पोटात गोळा येतो. "आता सगळ्या काय म्हणतील?" असं वाटून काही जणी गप्प बसतात, तर काही जणी पानभर माफी लिहितात. दोन्हीनं नुकसान गटाचंच होतं. कसं ते एका उदाहरणातून बघू.

समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी पेरणीआधी सगळ्या गटांना मेल पाठवला, "सोयाबीनचे बियाणे एकरी ७५ किलो लागेल." खरं तर ७५ किलो हे हेक्टरचं प्रमाण आहे. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. म्हणून एकराला ३० किलो येतात. आकडा बरोबर होता, चुकलं ते माप.

ही चूक किती महागात पडते ते मोजा. बायकांची मिळून १८ एकर जमीन आहे. ७५ किलोनं १,३५० किलो बियाणं होतं, म्हणजे ३० किलोच्या ४५ पिशव्या. ३० किलोनं ५४० किलो होतं, म्हणजे फक्त १८ पिशव्या. २७ पिशव्या जास्तीच्या झाल्या. पिशवीला ३,००० रुपये धरले तरी ८१,००० रुपये अडकतात, आणि हा पैसा बायकांनी गटातून कर्ज काढून आणलेला असतो.

म्हणून चूक दिसली की आधी एक काम करा. बरोबर आकडा पक्का करा. पिशवीवरचं प्रमाण बघा आणि दुसऱ्या ताईला हिशेब मोठ्यानं वाचून दाखवा. घाईत पाठवलेली दुरुस्तीही चुकली तर कुठला आकडा खरा, तेच कुणाला कळत नाही. पक्कं करायला वेळ लागणार असेल तर आधी एक ओळ पाठवा, "बियाण्याचा आकडा तपासत आहे, तोवर खरेदी थांबवा."

मग जुन्याच मेलला 'Reply all' करून दुरुस्ती पाठवा, म्हणजे पहिला मेल ज्यांना गेला त्या सगळ्यांना ती जाईल. विषयाच्या ओळीतच बरोबर आकडा लिहा. मेल असा असावा:

"विषय: दुरुस्ती – सोयाबीन बियाणे एकरी ३० किलो, ७५ नाही

ताईंनो, सोमवारच्या मेलमध्ये मी एकरी ७५ किलो लिहिले, ते चूक आहे. एकरी ३० किलो धरा. ७५ किलो हे हेक्टरचे प्रमाण आहे. आपल्या १८ एकरांना ४५ नाही, १८ पिशव्या लागतील. ज्या गटांनी पैसे भरले असतील त्यांनी आज संध्याकाळपर्यंत मला फोन करा, दुकानदाराशी बोलू. मेलमधला बाकी मजकूर तसाच आहे. चुकीबद्दल माफ करा."

यात काय काय आहे ते बघा. चुकीचा आकडा आणि बरोबर आकडा शेजारी शेजारी आहेत. चूक का झाली हे एका वाक्यात आहे. आता कुणी काय करायचं ते सांगितलंय. माफी एकच ओळ आणि तीही शेवटी. "घरी पाहुणे होते, डोकं दुखत होतं, माझ्यासारखीला हे जमतच नाही" असं काही नाही. तसं लिहिलं की वाचणारी ताई तुमची समजूत घालत बसते आणि आकडा खाली राहून जातो.

गेलेला मेल परत घेता येईल या भरवशावर राहू नका. जीमेलमध्ये 'Undo' दाबायला फार तर ३० सेकंद मिळतात. आपल्याकडचा मेल पुसला तरी दुसरीकडे गेलेला तसाच राहतो. तो कुणी छापून भिंतीला लावला असेल, कुणी व्हॉट्सअपवर टाकला असेल. तिथेही तोच दुरुस्त आकडा पोचवा, आणि जी ताई मेल बघत नाही तिला फोन करा.

प्रत्येक लहान चुकीला दुरुस्ती पाठवायची गरज नाही. शब्दाची वेलांटी चुकली तर सोडून द्या. ज्या आकड्यानं कुणाचा पैसा, माल किंवा तारीख बदलते, तो मात्र त्याच दिवशी दुरुस्त करा.

आपल्या गटाच्या वहीत आपण हेच तर करतो. रक्कम चुकली तर खोडरबर लावत नाही की आकड्यावर आकडा गिरवत नाही. एक सरळ रेघ मारतो, शेजारी बरोबर रक्कम लिहितो आणि सही करतो. जुना आकडाही दिसतो, नवाही दिसतो, म्हणून त्या वहीवर विश्वास बसतो. दुरुस्तीचा मेल म्हणजे तीच रेघ आणि तीच सही.