उचल दिली म्हणजे हिशेब मिटत नाही

प्रश्न : आमच्या छोट्या मराठी चित्रपटाचं १२ दिवसांचं शूटिंग कोल्हापुरात आहे. प्रॉडक्शन मॅनेजरला ५०,००० रुपये रोख उचल दिली, तर तेवढा खर्च लिहून पुरेल ना? युनिटचे पैसे प्रदर्शनानंतर दिले तर चालेल का?
– एक निर्माता, कोल्हापूर

उत्तर : काळजी करू नका, हे आताही सावरता येईल. उचल हा खर्च नव्हे. ती मॅनेजरच्या नावावरची येणे रक्कम आहे. त्यांनी ४३,००० च्या पावत्या दिल्या, तर ४३,००० खर्च आणि ७,००० परत. हा मेळ रोज रात्री घाला; पुढची उचल त्यानंतरच. रिक्षा, चहाची पावती मिळत नसेल, तर तारीख, कारण आणि सहीचं व्हाउचर करा. खर्चापोटी एका व्यक्तीला दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख देऊ नका. तो खर्च सहसा आयकरात मान्य होत नाही.

प्रदर्शनाच्या भरवशावर युनिटला थांबवू नका. स्पॉटबॉय, लाइटमन यांची मजुरी आठवड्याला द्या. छायालेखक, संकलकांना करारानुसार टप्प्यांत, बिल घेऊन, बँकेतून द्या. टीडीएस लागू असेल, तर तो आगाऊ रकमेवरही कापावा लागतो. सगळ्या मजुरीची रक्कम खात्यात आल्यावरच शूटिंगची तारीख ठरवा.