बाईंना पत्र देण्याआधी

पालकहो, शाळेने ॲप आणावं असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतंय. व्हॉट्सॲप ग्रुपवर उद्याच्या चाचणीची सूचना शुभेच्छांखाली गाडली जाते, शिवाय प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. तरीही मुख्याध्यापिका बाईंना द्यायच्या पत्रात ॲपचे गुण गात बसू नका. त्यांची काळजी वेगळी असते: मुलांची माहिती बाहेर गेली तर जाब कोण देणार? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि काम कंपनीकडे सोपवलं तरी जबाबदारी शाळेचीच राहते. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, पण पत्र तो धरूनच लिहावं. साधारण असं:

‘आदरणीय बाई, तिसरीच्या एकाच तुकडीत सहा आठवडे ॲप वापरून पाहावं, ही विनंती. त्या काळात घटक चाचणी आणि पालकसभा दोन्ही यावीत, म्हणजे खरी कसोटी लागेल. प्रत्येक सूचना डायरीतही लिहिली जावी. काही घरांत एकच फोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो. जे पालक संमती देणार नाहीत, त्यांच्या मुलांचंही काही अडू नये.

कंपनीला मुलाचं नाव, तुकडी आणि पालकाचा मोबाइल नंबर एवढंच द्यावं. आधार, जात, फोटो, आजारपण यातलं काहीही नको. ॲपने लोकेशन किंवा फोनमधले संपर्क मागितले, तर नकार देऊनही ते चाललं पाहिजे. चालत नसेल, तर ते ॲपच नको. प्रयोग संपल्यावर 30 दिवसांत माहिती पुसल्याचं कंपनीने लेखी द्यावं, आणि हे सगळं शाळेच्या करारात असावं.

वर्गशिक्षिकांचा रोज दहा मिनिटांहून जास्त वेळ यात जाऊ लागला, किंवा तिसऱ्या आठवड्यानंतरही निम्मे पालक सूचना उघडत नसतील, तर प्रयोग तिथेच थांबवावा.’

हा शेवटचा परिच्छेद गाळू नका. थांबण्याची अट आधीच लिहिलेली असली की होकार देणं सोपं जातं.

एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपण नंबर बदलतो, आणि बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला मिळतो. शाळेच्या यादीत जुनाच नंबर राहिला, तर आपल्या मुलीच्या सहलीची वेळ आणि ठिकाण त्या अनोळखी माणसाला कळतं. म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला यादी तपासायचं काम कोणाचं, हे पत्रातच ठरवा. शिक्षिकांवर ढकलण्यापेक्षा पालक संघाने पालकांना आठवण करून द्यावी. दुरुस्ती मात्र कार्यालयातच व्हावी, म्हणजे यादी आपल्या हातात फिरणार नाही.

पत्राला संमतीपत्राचा मराठी मसुदा जोडा. सह्या पाच-सहा पुरेत, पण त्यातली एक तरी ॲपबद्दल शंका असलेल्या पालकाची असू द्या. त्यांच्या शंका बाईंआधी आपल्याला कळलेल्या बऱ्या.