न जन्मलेल्या नातवाच्या नावे मृत्युपत्र



आपल्या ब्राह्मणपुरीत शेतीच्या वाटणीचा विषय निघाला की एखादे आजोबा म्हणतातच, "जमीन पोराने विकून खाऊ नये, नातवालाच मिळावी." पण नातू अजून जन्मलेलाच नसेल तर?

पूर्वी हिंदूंना असे देताच येत नव्हते. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोरांच्या मृत्युपत्रावरील खटल्यात १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवले, की देणारा वारला तेव्हा घेणारा अस्तित्वात हवा. पोटातले बाळ मात्र अस्तित्वात धरले जाते. पुढे १९१६ च्या कायद्याने ही अडचण काही अटींवर दूर झाली. आज त्या अटी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ११२ ते ११४ मध्ये आहेत.

उदाहरण घेऊ. स्वतः कमावलेली चार एकर जमीन एका आजोबांनी अशी लिहून दिली: "मुलाने हयातभर कसावी, नंतर त्याच्या पहिल्या मुलाला २५ वर्षे पूर्ण झाल्यावर ती त्याच्या मालकीची व्हावी." आजोबा २०२४ ला वारले. तेव्हा मुलाला मूलबाळ नव्हते. नातू २०३० ला जन्मला आणि मुलगा २०३५ ला गेला, असे समजा.

कलम ११४ सांगते, की मालकी हक्क फार तर आजोबा वारले तेव्हा जिवंत असलेल्या माणसाच्या हयातीपर्यंत, आणि त्यापुढे नातू सज्ञान होईपर्यंत, म्हणजे १८ वर्षांचा होईपर्यंत, लांबवता येतो. नातू २०४८ ला १८ चा होईल आणि २०५५ ला २५ चा. सात वर्षे जास्त झाली, म्हणून नातवाला दिलेले रद्द!

इथेच बरेच जण फसतात. मुलगा भरपूर जगला आणि नातू त्याच्या डोळ्यांदेखत २५ चा झाला, तरी ते रद्दच. कारण पुढे काय घडले हे कायदा बघत नाही. आजोबा वारले त्या दिवशी उशीर होण्याची शक्यता होती का, एवढेच बघतो.

मग जमीन कुणाची? मुलाचा हयातीचा हक्क टिकतो. त्यानंतरच्या मालकीबद्दल मृत्युपत्रच नव्हते असे धरून ती आजोबांच्या वारसांत वाटली जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्यात लग्न झालेल्या मुलीचाही मुलाइतकाच वाटा असतो. (आदिवासी कुटुंबांना तो कायदा सहसा लागू नाही, तिथे रूढी बघतात.)

२५ ऐवजी १८ लिहिले असते तर हेच कलम आड आले नसते. पण "नातवानेही फक्त हयातभर खावी, मग पणतवाला" असे लिहाल तर कलम ११३ अडवते. न जन्मलेल्याला द्यायचे तर उरलेला हक्क पूर्णच द्यावा लागतो. आणि मधे कुणालाही हयातीचा हक्क न ठेवता "माझ्या मुलाच्या पहिल्या मुलाला" एवढेच लिहिले, आणि आजोबा वारले तेव्हा नातू नसला, तर कलम ११२ नुसार तेही फुकट जाते.