धर्माची व्याख्या : दहा मार्क कुठे मिळतात, कुठे जातात

एफवायबीएच्या समाजशास्त्राच्या पेपरात ‘धर्माच्या आशयात्मक आणि कार्यात्मक व्याख्यांचे गुणदोष सांगा’ असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिका सारख्याच निघतात. टायलरची व्याख्या, डर्खाइमची व्याख्या, मग चार गुण आणि चार दोष. पालकही घरी तेवढंच तपासतात : ‘व्याख्या पाठ झाल्या का?’ व्याख्या पाठ हव्यातच, पण त्यावर पाचाच्या पुढे मार्क जात नाहीत. पुढचे मार्क मिळतात ते एखादं खरं उदाहरण दोन्ही व्याख्यांना लावून दाखवल्यावर.

आधी फरक लक्षात घ्या. धर्म म्हणजे काय, हे आशयात्मक व्याख्या सांगते. ई. बी. टायलर यांनी 1871 मध्ये ‘आत्मिक शक्तींवरील श्रद्धा’ एवढीच किमान व्याख्या केली. धर्म समाजात काय करतो, हे कार्यात्मक व्याख्या विचारते. मिल्टन यिंगर यांच्या मते दुःख, मृत्यू, अन्याय अशा अंतिम प्रश्नांशी एखादा समूह ज्या श्रद्धा आणि आचारांच्या आधारे झगडतो, ती व्यवस्था म्हणजे धर्म.

आता उदाहरण घेऊ. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, असं स्पष्ट आहे. त्यांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ईश्वर आणि आत्मा दोन्ही नाकारलेले आहेत. टायलरची फूटपट्टी लावली तर हा धर्मच ठरत नाही. दुसरीकडे, देशातल्या बौद्धांची संख्या 1951 च्या जनगणनेत दोन लाखांच्याही आत होती, ती 1961 मध्ये साडेबत्तीस लाखांच्या आसपास गेली आणि त्यातले बहुसंख्य महाराष्ट्रातले होते. एवढ्या लोकांनी ‘धर्म’ म्हणून जे नोंदवलं, ते व्याख्येत बसत नाही.

इथे बरेच विद्यार्थी ‘म्हणून आशयात्मक व्याख्या चुकीची’ असं लिहून मोकळे होतात. एवढी घाई नको. मेलफर्ड स्पायरो यांनी 1966 मध्ये या आक्षेपाला उत्तर दिलं होतं. ग्रंथात काहीही असो, प्रत्यक्ष बौद्ध समाजात लोक अतिमानवी शक्ती मानतात आणि स्वतः बुद्धही सामान्य माणसाच्या पलीकडचा ठरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा अभ्यास ब्रह्मदेशातला. तिथे हे उत्तर चालतं. पण बुद्ध हा अवतार नव्हे, माणूस, यावरच ज्या धम्माचा भर आहे, त्याला ते ओढूनताणून लावावं लागतं. एवढं लिहिलंत तर परीक्षकाला तुमचा विचार दिसतो.

कार्यात्मक व्याख्येत नागपूर सहज बसतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जमणारा समुदाय पाहिला की धर्म माणसांना बांधतो म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. पण दोषही याच उदाहरणात आहे. या दीक्षेने एका समूहाला बांधलं, त्याच वेळी गावगाड्यातल्या जुन्या कामांशी आणि विधींशी असलेलं नातं तोडलं. धर्माचं काम जोडणं, एवढंच मानणाऱ्याला हे तोडणं दिसतच नाही. शिवाय ‘जे बांधतं ते धर्म’ म्हटलं की राजकीय पक्ष आणि फुटबॉल क्लबही धर्म ठरतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे अशा व्याख्येने समाजातून धर्म कमी होतोय की नाही, हे तपासताच येत नाही. देऊळ सुटलं आणि मैदान धरलं, तरी धर्म शिल्लकच!

एका ठिकाणी हमखास मार्क जातात : डर्खाइमला सरळ ‘कार्यात्मक’ खात्यात टाकणं. त्याच्या 1912 च्या व्याख्येत ‘पवित्र’ गोष्टींबद्दलच्या श्रद्धा आणि आचार आहेत, हा आशय झाला. आणि त्या माणसांना एका नैतिक समुदायात बांधतात, हे कार्य झालं. दोन्ही आहेत. म्हणून त्याला मिश्र म्हणा आणि एका वाक्यात कारण द्या. देवाशिवायही धर्म असू शकतो, हे दाखवायला त्यानेही बौद्ध धर्माचाच दाखला दिला होता, हेही जोडा.

निष्कर्षात ‘दोन्ही महत्त्वाच्या आहेत’ असं गुळमुळीत लिहू नका. माझं मत विचाराल तर मोजणी आणि तुलना करायची असेल तर आशयात्मक व्याख्या बरी, कारण तिला कुंपण आहे. नवा धर्म कसा उभा राहतो, हे समजून घ्यायचं असेल तर कार्यात्मक. तुमचं मत वेगळं असेल तर तेच लिहा, फक्त कारण द्या.

आणि पालकांसाठी एक माहिती : यूपीएससी मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि त्याच्या पहिल्या पेपरात धर्माचे समाजशास्त्रीय सिद्धांत आहेत. तेव्हा पहिल्या वर्षाच्या या नोट्स रद्दीत घालू नका.