आधी आवाज, मग फोटो

1. सुरुवात रेकॉर्डिंगपासून करा.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला दाखवण्यासाठी पाचेक मिनिटांची फिल्म करायचं ठरलं, तेव्हा घरात सगळे फोटो गोळा करायला लागले. मी मात्र मोजके फोटो आणि फोन घेऊन आधी आत्याकडे गेले. अशा फिल्मचा कणा आवाज असतो, असं माझं ठाम मत आहे. कोणता फोटो किती वेळ दिसणार, कॅमेरा कुठून कुठे जाणार, हे सगळं बोलणाऱ्या माणसावरून ठरतं. फोटो आधी लावून टाकले आणि मग त्यावर कुणाला बोलायला बसवलं, तर माणूस फोटोचं वर्णन करू लागतो, आठवण सांगत नाही.

प्रश्नही जपून विचारावा लागतो. ‘आत्या, अण्णांबद्दल चार शब्द बोल’ म्हटलं की आत्या सभेत उभी राहिल्यासारखी ‘ते फार प्रेमळ होते’ असं बोलणार. म्हणून मी एकच फोटो तिच्या हातात दिला आणि विचारलं, “आत्या, हा डबा कुणाचा गं?” फोटोत अण्णा एसटीच्या बाजूला खाकी गणवेशात उभे आहेत आणि त्यांच्या हातात पितळी डबा आहे. आत्या म्हणाली, “अगं, माझाच की तो! त्याची मुक्कामाची गाडी आमच्या गावाला यायची. रात्री उशिरा यायची. मी जागी राहायची. हॉर्न वाजला की डबा घेऊन पाराकडं निघायचे.” मग ती थांबली, फोटोवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “सकाळी रिकामा डबा घासून परत द्यायचा हा. डायव्हर माणूस, पण डबा कधी खरकटा दिला नाही.”

हे वाक्य मला कोणत्याही प्रश्नावलीतून मिळालं नसतं. फोटोतल्या वस्तूबद्दल विचारा: भिंतीवरचं कॅलेंडर, अंगावरचा स्वेटर, मागे उभं असलेलं अनोळखी पोर. माणूस वस्तूवरून माणसाकडे आपोआप येतो.

रेकॉर्डिंगचं तंत्र साधं आहे. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर माइकवर आदळत नाही. पंखा बंद, शक्य असेल तर फ्रिजही थोडा वेळ बंद. गाद्या आणि कपड्यांचं कपाट असलेली खोली बैठकीपेक्षा बरी, कारण तिथे आवाज घुमत नाही. बोलणं झाल्यावर अर्धा मिनिट कुणीही न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवा. त्या खोलीची ही शांतता पुढे दोन वाक्यांचा सांधा जुळवायला लागते. तिथे कोरी शांतता घातली, तर आवाज मध्येच तुटल्यासारखा वाटतो.

2. स्कॅन करताना पुढे किती जवळ जायचं आहे, याचा हिशोब आधी करा.

अण्णांचा तो फोटो पोस्टकार्ड साइजचा, साडेपाच बाय साडेतीन इंचांचा. 300 डीपीआयला स्कॅन केला तर त्याची रुंदी 1650 पिक्सेल भरते. फुल एचडी पडदाच 1920 पिक्सेल रुंद असतो, म्हणजे कॅमेरा हलायच्या आधीच फोटो ताणला जातो. 600 डीपीआयला तोच फोटो 3300 पिक्सेल रुंद होतो आणि साधारण पावणेदोन पट जवळ जाईपर्यंत चेहरा नितळ राहतो. पासपोर्ट साइजचा फोटो असेल तर 1200 डीपीआय घ्या. त्यापुढे आकडा वाढवून फारसं हाती लागत नाही, कागदाचे कण तेवढे मोठे दिसतात.

फाइल टिफ स्वरूपात ठेवा आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेलं साल, कुणाला पाठवला होता त्याचं नाव, हे बहुतेक वेळा मागेच असतं. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो घट्ट बसला असेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. काही जुन्या रंगीत फोटोंचा कागद बारीक दाणेदार जाळीचा असतो आणि स्कॅनरच्या प्रकाशात ते दाणे चमकतात. अशा वेळी एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून असे दोन स्कॅन घेऊन एकावर एक बसवले की चमक बरीच मरते.

3. कॅमेरा हलला हे कुणाच्या लक्षात येता कामा नये.

स्थिर फोटोवर कॅमेरा संथ फिरवण्याच्या या पद्धतीला आज केन बर्न्स इफेक्ट म्हणतात. बर्न्सच्या 1990 सालच्या ‘द सिव्हिल वॉर’ या मालिकेमुळे ती घरोघर पोचली. पद्धत त्याआधीची आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने 1957 साली केलेल्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या माहितीपटात डॉसन शहराचे जुने फोटो असेच जिवंत केले होते आणि बर्न्सनेही ते ऋण मानलं आहे. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: कॅमेरा निवेदनाच्या शब्दांमागून चालतो.

मी तेच केलं. आत्या ‘डबा’ म्हणते तेव्हा चौकटीत डबा आहे. ‘मी जागी राहायची’ म्हणेपर्यंत कॅमेरा हळूहळू वर सरकतो आणि ‘हा’ म्हणते तेव्हा अण्णांचा चेहरा येतो. एका फोटोत एकच हालचाल. आधी वर, मग उजवीकडे, मग जवळ असं केलं की पाहणारा गरगरतो. आठ सेकंदांच्या फोटोत पाच ते आठ टक्के जवळ जाणं पुरतं. असं डब्यापासून चेहऱ्यापर्यंत जायचं असेल तर बारा सेकंद द्या.

आणखी दोन गोष्टी. हालचाल फोटो उजळायच्या आधीच सुरू झालेली असू द्या आणि तो मावळून जाईपर्यंत चालू ठेवा, म्हणजे ती सुरू होताना किंवा अडखळून थांबताना दिसत नाही. आणि बसची जाळी, चौकड्यांचं लुगडं, पत्र्याच्या पन्हळी अशा बारीक रेषा संथ हालचालीत लुकलुकायला लागतात. रेषा एका पिक्सेलहून बारीक झाली की असं होतं. फोटो गरजेपेक्षा फार मोठा असेल तर आधी लहान करून घ्या, तेवढ्याने भागलं नाही तर त्या भागाला अगदी हलका ब्लर द्या.

उभा फोटो आडव्या पडद्यावर बसवताना दोन्ही बाजूंना तोच फोटो धुरकट करून भरायची सवय आहे. मला ती मुळीच आवडत नाही. फोटो पडद्याच्या रुंदीइतका करा आणि पायांपासून चेहऱ्यापर्यंत वर जा.

4. खोली द्यायची ती ज्या फोटोत मुळात खोली आहे त्यालाच.

माणूस पुढे, बस मागे आणि त्यामागे झाड, असे थर वेगळे करून प्रत्येकाला वेगवेगळ्या गतीने हलवलं की सपाट फोटोत अंतर दिसू लागतं. जवळची वस्तू जास्त सरकते, दूरची कमी, डोळ्याला एवढं पुरतं. आमच्या सगळ्या फोटोंपैकी हे काम मी अण्णांच्या या फोटोवर आणि आणखी एखाददुसऱ्यावरच केलं. लग्नातल्या ग्रुप फोटोला हात लावला नाही. तिथे खांदे एकमेकांना चिकटलेले, पदर दुसऱ्याच्या कोटावर आलेला. कापायला गेलं की माणसं पुठ्ठ्याच्या बाहुल्यांसारखी दिसू लागतात.

अण्णांचा फोटो सोयीचा होता, कारण तो गुडघ्यांपर्यंतच आहे. पाय जमिनीवर टेकलेले दिसत असतील तर माणूस हलतो आणि जमीन जागेवर राहते, मग तो तरंगल्यासारखा दिसतो. तशा वेळी जमिनीचाही थर वेगळा करावा लागतो.

काम असं केलं. गिम्पमध्ये अण्णांच्या कडेने पेनने रेघ आखून त्यांना वेगळं काढलं. कड एक-दोन पिक्सेल आत घेतली आणि तेवढीच मऊ केली, नाहीतर माणसाभोवती मागच्या रंगाची पांढुरकी रेघ राहते. डबा धरलेला हात आणि कंबर यांच्यामध्ये छोटा त्रिकोण आहे, त्यातून बसचा पत्रा दिसतो. तोही कापून काढावा लागतो. तो राहून गेला तर बसचा एक तुकडा अण्णांबरोबर चालू लागतो, आणि सगळा आभास तिथेच मोडतो. त्यांची सावली बसवर पडली आहे. ती बसच्याच थरात ठेवली.

मग अण्णांच्या जागी पडलेलं भगदाड भरायचं. ते पूर्ण भरायची गरज नसते, हालचालीत उघडी पडेल तेवढी कडेची पट्टी भरली की झालं. बसच्या अंगावरचा आडवा पट्टा क्लोन टूलने आत ओढून घेतला. भरलेला भाग फार गुळगुळीत दिसतो, म्हणून त्यावर मूळ फोटोसारखे बारीक कण टाकले.

पुढचं काम दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत होतं. आठ सेकंदांत झाड 100 वरून 102 टक्के, बस 104 आणि अण्णा 107. तिन्ही थर मोठे होण्याचा केंद्रबिंदू मी अण्णांच्या छातीवर ठेवला. त्यामुळे ते वाढताना मागचं भगदाड आणखी झाकत जातात. केंद्रबिंदू फोटोच्या मधोमध ठेवला असता आणि अण्णा एका कडेला असते, तर ते बाहेरच्या बाजूला सरकले असते आणि आतल्या बाजूची भरलेली पट्टी उघडी पडली असती. आडव्या सरकण्यातही हेच होतं, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने फक्त पुढे जाणारी हालचाल घ्यावी. जमलंय की नाही हे पाहायला फिल्म चौपट वेगाने चालवा. कडा फाटत असतील तर लगेच दिसतात.

5. आवाज कापताना थांबे कापू नका.

आत्याचं ‘म्हणजे’, खोकला, पुन्हा तेच सांगणं, हे काढलं. डब्याच्या वाक्याआधीची तिची शांतता मात्र तशीच ठेवली आणि त्या वेळात फोटो बदलला नाही. पुढच्या फोटोची आठवण तो फोटो दिसायच्या एखादा सेकंद आधी ऐकू येऊ द्या, मग फोटो बोलावून आणल्यासारखा येतो. पार्श्वसंगीतात शब्द नकोत. बोलण्याखाली नुसती तानपुऱ्याची किंवा बासरीची साथही पुरते, आणि तीही आवाजापेक्षा पंधरा-वीस डेसिबल खाली. हॉलच्या स्पीकरवर संगीत फुगतं आणि म्हाताऱ्या माणसाचा आवाज बुडतो, म्हणून तिथेच आदल्या दिवशी एकदा लावून बघा. प्रोजेक्टरवर काळे भागही आणखी काळे होतात. सावलीतले चेहरे थोडे उजळून ठेवा.

6. मूळ रेकॉर्डिंग जपा.

फिल्ममध्ये आत्या दीड मिनिट बोलते. मूळ रेकॉर्डिंग त्याच्या कितीतरी पट मोठं आहे. त्यात अण्णा नाहीत असे बरेच विषय आहेत: दुष्काळातली सुकडी, तिच्या सासूचा जाच, पारावरच्या वडाची फांदी कशी मोडली ते. ते न कापता, तारीख आणि नावं घालून, स्कॅनसोबत दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवलं आहे. एक डिस्क भावाकडे असते. तुम्हीही फिल्म पुढच्या वर्षी केलीत तरी चालेल, पण ज्यांना फोटोतली माणसं नावानिशी ओळखता येतात, त्यांच्यासमोर अल्बम घेऊन याच महिन्यात बसा.