डॉलर पुढच्या वर्षी किती रुपयांना? महागाईवरून लावायचा अंदाज

निर्यातीच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: "सर, परदेशातल्या गिऱ्हाईकाला वर्षभराचा भाव द्यायचा, पण डॉलरचं काय धरायचं?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हिशेब इथे नीट मांडतो.

अर्थशास्त्रात याला क्रयशक्ती समता म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. आपल्याकडे वस्तू ६ टक्क्यांनी महाग झाल्या आणि अमेरिकेत २ टक्क्यांनी, तर रुपयाची किंमत डॉलरपेक्षा जास्त झिजली. मग तेवढ्या फरकाने डॉलर वर जायला हवा. सूत्र असं:

नवा दर = आजचा दर × (१ + भारतातली महागाई) ÷ (१ + अमेरिकेतली महागाई)

समजा डॉलर ८० रुपये आहे. ८० × १.०६ ÷ १.०२ म्हणजे साधारण ८३.१४. पटकन तोंडी काढायचं असेल तर ६ मधून २ वजा करा. डॉलर जवळपास ४ टक्क्यांनी वर.

आता धंद्यात याचा उपयोग बघा. समजा तुम्ही कापडी पिशव्यांचा एक सेट ५ डॉलरला विकता. हातात ४०० रुपये येतात, खर्च ३४० आणि सुटतात ६०. वर्षभरात कापड, मजुरी, वीज धरून खर्च ६ टक्के वाढला, म्हणजे ३६०.४० झाला. तिकडच्या महागाईप्रमाणे तुम्ही भाव ५.१० डॉलर केला. डॉलर खरोखर ८३.१४ झाला तर मिळतात ४२४ रुपये आणि सुटतात ६३.६०. म्हणजे नफाही बरोबर ६ टक्क्यांनी वाढला, कोणाचं काही बिघडलं नाही.

पण डॉलर ८० वरच थांबला तर? ५.१० डॉलरचे ४०८ रुपये, सुटतात फक्त ४७.६०. आणि रुपया मजबूत होऊन डॉलर ७७ वर आला तर हातात उरतात ३२ रुपये. तुम्ही काहीही चूक केली नाही, माल तोच, गिऱ्हाईक तेच, तरी नफा निम्म्यावर!

असं होतं का? झालंय. २००३ मध्ये डॉलरची सरासरी साडेशेचाळीस रुपयांच्या आसपास होती, २००७ मध्ये ती एकेचाळीसच्या घरात आली. त्या काळात आपली महागाई अमेरिकेपेक्षा जास्तच होती, म्हणजे सूत्राप्रमाणे डॉलर वर जायला हवा होता. पण परदेशी पैसा भारतात जोरात येत होता, रुपयाला मागणी होती आणि दर उलट्या दिशेने गेला. तयार कपडे निर्यात करणाऱ्यांनी तेव्हा चांगलाच मार खाल्ला.

२०१३ मध्ये याच्या विरुद्ध घडलं. मे महिन्याच्या सुरुवातीला डॉलर ५४ च्या आसपास होता. अमेरिकेची मध्यवर्ती बँक बाजारातली रोखेखरेदी कमी करणार, असे संकेत आले, पैसा परत निघाला आणि २८ ऑगस्टला डॉलरने ६८ ओलांडले. चार महिन्यांत महागाईतला फरक काही एवढा बदलत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हे सूत्र दहा-पंधरा वर्षांचा कल सांगतं, पुढच्या ऑर्डरचा दर नाही. कारण थोड्या काळात दर ठरतो तो पैशाच्या ये-जा करण्याने, व्याजदराने आणि तेलाच्या आयातीच्या बिलाने. शिवाय महागाईच्या आकड्यात घरभाडं आणि केशकर्तनही असतं. ते काही कोणी बोटीत घालून पाठवत नाही. दोन देशांतल्या वस्तूंचे भाव एकमेकांशी जुळवणारा व्यापार या गोष्टींपर्यंत पोचतच नाही.

आणखी एक गोष्ट बघायला लोक विसरतात, ती म्हणजे सुरुवातीचा दर. ज्या वर्षापासून मोजायला सुरुवात केली, त्याच वर्षी रुपया अवाजवी महाग किंवा स्वस्त असेल, तर पुढचं सगळं गणित तिरकं जातं. याचा अंदाज घ्यायला रिझर्व्ह बँक ४० चलनांच्या तुलनेत रुपयाचा वास्तव प्रभावी विनिमय दर निर्देशांक दर महिन्याला देते. तो बराच वर चढला असेल तर समजायचं, महागाई धरून रुपया महाग झालाय आणि तुमच्या मालाला बाहेर भाव मिळणं अवघड होतंय.

तर मग कोटेशन कसं द्यायचं? भावाची मुदत ३० किंवा ६० दिवसांचीच ठेवा. गिऱ्हाईक वर्षभराचाच हट्ट धरत असेल, तर बँकेत जाऊन फॉरवर्ड दर विचारा. त्या दराने पुढच्या तारखेचे डॉलर आजच विकून ठेवता येतात. तो दर मुख्यतः दोन देशांतल्या व्याजदराच्या फरकावर निघतो, आणि त्यावर खर्च मांडला तर निदान आकडा पक्का असतो. वरच्या उदाहरणात ३६०.४० ला ५.१० ने भागा: डॉलर ७०.६७ च्या खाली गेला की तुम्ही पदरचे घालताय. हा एक आकडा प्रत्येक ऑर्डरसाठी काढून वहीत लिहून ठेवा, मग बँकेचा दर विचारायला जा.