शीर्षकाची परीक्षा : एका जाहिरातीचे दोन मसुदे

आपल्या मंडळाच्या मोडी लिपी वर्गाची जाहिरात येत्या पंधरवड्यात जाणार आहे. वर्ग आठ रविवारांचा, सकाळी १० ते १२, शुल्क ४०० रुपये. दोन तुकड्यांचा खर्च निघायला निदान ५० नावे हवीत. ती आली नाहीत तर वर्ग रद्द करावा लागेल. जाहिरातीचे दोन मसुदे माझ्याकडे आले आहेत. त्यांतला एक कसा निवडायचा, आणि निवडल्यावर त्याच्या शीर्षकाची न्याय्य चाचणी कशी घ्यायची, एवढाच या पाठाचा विषय.

मसुदा क असा :

मोडी लिपी शिका! आपल्या गौरवशाली परंपरेचे जतन करण्याची सुवर्णसंधी. अनुभवी मार्गदर्शक, माफक शुल्क. त्वरा करा!

मसुदा ख असा :

पणजोबांचे कागद तुम्हाला वाचता येतात का? ट्रंकेतले जुने खरेदीखत, वाटणीपत्र, हिशेबाची वही. अक्षरे मोडी, म्हणून कुणी उघडत नाही. आठ रविवार, सकाळी १० ते १२. शुल्क ४०० रुपये. घरचा एक कागद सोबत आणा. वर्ग संपेपर्यंत तो तुम्ही घडाघडा वाचाल.

निवडताना मी आधी शीर्षक झाकून फक्त मजकूर वाचतो. क मधून ‘मोडी’ हा शब्द काढून तिथे ‘सुलेखन’ किंवा ‘तबला’ घातला, तर बाकीचे एक अक्षरही बदलावे लागत नाही. जो मजकूर कुठल्याही वर्गाला चालतो, तो या वर्गाबद्दल काहीच सांगत नाही. ‘माफक’ म्हणजे किती? ‘त्वरा करा’, पण कधीपर्यंत? ख मध्ये वार, वेळ, शुल्क सगळे आहे आणि वाचणाऱ्याच्या घरातली एक वस्तू त्याच्यासमोर ठेवली आहे. बडोद्यात गायकवाडी काळातली कितीतरी दप्तरे मोडीत आहेत. तसे कागद जुन्या घरांतही सापडतात. म्हणजे ही ट्रंक काल्पनिक नाही. मजकूर ख चाच घ्यायचा.

पण जसाच्या तसा नाही. त्यातले शेवटचे वाक्य खोटे आहे. आठ रविवारांचे मिळून सोळा तास होतात. तेवढ्यात अक्षरओळख होते, सुवाच्य मोडी वाचता येते. जुन्या कारकुनाचे हस्ताक्षर ही वेगळी गोष्ट : शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, हात न उचलता लिहिलेले असते. ते ‘घडाघडा’ होत नाही. खोट्या वचनावर ४०० रुपये घेतले तर पुढच्या वर्षी आपली जाहिरात कोण वाचेल? म्हणून वाक्य असे : ‘घरचा एक कागद सोबत आणा, त्यातली अक्षरे ओळखण्यापासून सुरुवात करू.’

आता शीर्षक. ख चे प्रश्नार्थक शीर्षक कुतूहल जागवते, पण ज्याच्याकडे असे कागदच नाहीत तो ‘नाही बुवा’ म्हणून पुढे जाईल अशी मला शंका आहे. पर्याय म्हणून मी दुसरे सुचवतो : घरातले मोडी कागद वाचायला शिका : आठ रविवार. कोणते चालेल? यावर आपण दोन तास वाद घालू शकतो, पण उत्तर वाचकांकडेच आहे. अमेरिकन जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ सालच्या ‘सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात हाच आग्रह धरला. त्या काळी जाहिरातीतल्या कुपनावर खुणेचा क्रमांक छापत. परत आलेली कुपने मोजली की कोणत्या जाहिरातीने किती माणसे आणली ते कळे. आपण तेच ई-मेलवर करू.

मंडळाच्या यादीत १,२०० पत्ते आहेत. त्यांचे ६००-६०० चे दोन गट करायचे. यादी मधोमध कापायची नाही, कारण वरचे निम्मे जुने सभासद आहेत आणि ते तसेही नाव देतात. आडनावांच्या क्रमानेही नको. एका समाजाची, एका गल्लीतली माणसे एकीकडे गोळा होतात. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक नावापुढे हे सूत्र घाला :

```
=RAND()
```

आलेले आकडे फक्त मूल्ये म्हणून पुन्हा चिकटवा (नाहीतर ते बदलत राहतात), त्यांच्या क्रमाने यादी लावा, आणि पहिले ६०० एका गटात घ्या. एका घरातली दोन माणसे वेगळ्या गटांत गेली तर त्यांना एकाच गटात आणा, कारण ती एकमेकांची पत्रे बघतात.

दोन्ही पत्रे एकाच दिवशी, एकाच वेळी जातील. मजकूर, शुल्क, चित्र सगळे तेच; बदलेल ते फक्त शीर्षक, आणि पत्राच्या विषयाच्या ओळीतही तेच शीर्षक. एक बुधवारी आणि दुसरे रविवारी पाठवले, तर आपण शीर्षकाची नाही, वाराची परीक्षा घेतली असे होईल. नोंदणीचा अर्ज एकच, पण दुवे दोन, म्हणजे कोण कुठून आले ते कळेल. निकाल लागेपर्यंत जाहिरात व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही. एकदा ती फिरली की गट उरत नाहीत.

मोजायचे काय? पत्र किती जणांनी उघडले हा आकडा मोहात पाडतो, पण काही मेल अॅप पत्रातली चित्रे वाचकाच्या आधी स्वतःच उतरवून घेतात आणि ‘उघडले’ अशी नोंद होते. म्हणून ६०० पैकी किती जणांनी शुल्क भरले, एवढेच मोजू. मुदत दहा दिवस, आणि ती आजच लिहून ठेवायची. रोज आकडे बघून आपले आवडते शीर्षक पुढे असेल त्या दिवशी चाचणी थांबवली, तर नाणे हवे तसे पडेपर्यंत उडवत राहिल्यासारखे होते.

समजा, एका शीर्षकाला ३० आणि दुसऱ्याला ३९ नावे आली. दुसरे जिंकले? थांबा. गट सारखे असले आणि प्रतिसाद थोडा असला की एक सोपा हिशेब चालतो : दोन आकड्यांची बेरीज करा, तिचे वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा. बेरीज ६९, वर्गमूळ सुमारे ८.३, दुप्पट १६.६. आपला फरक ९. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, म्हणून निकाल ‘अनिर्णित’. ३० विरुद्ध ४८ असते, तर मर्यादा १७.७ आणि फरक १८. तेव्हा कुठे दुसऱ्याच्या बाजूने, तेही जेमतेम, कौल देता येतो.

यावरून चाचणीची मर्यादाही दिसते. शंभरात पाच जण नाव देत असतील आणि नव्या शीर्षकाने ते दहा होणार असतील, तर तो फरक भरवशाने पकडायला प्रत्येक गटात साधारण ४३० माणसे पुरतात. पण पाचाचे सहाच होणार असतील, तर प्रत्येक गटात आठ हजारांच्या आसपास लागतील. तेवढी यादी आपल्याकडे नाही. म्हणून ‘वाचायला’ की ‘वाचण्यास’ असल्या बारीक वादांची चाचणी घेण्यात अर्थ नाही. ते कानाने ठरवायचे. चाचणीला अशीच दोन शीर्षके लावायची, ज्यांच्यात विचाराचाच फरक आहे. आपली दोन तशी आहेत : एक प्रश्न विचारते, दुसरे काय मिळेल ते सांगते.

आणखी एक आकडा मी मागेन : तिसऱ्या रविवारी हजर किती? प्रश्नार्थक शीर्षकामुळे ‘आमचा कागद तेवढा वाचून द्या’ म्हणणारी माणसे जास्त आली आणि दोन आठवड्यांत गळाली, तर त्या शीर्षकाने नावे आणली, पण विद्यार्थी आणले नाहीत. आणि निकाल अनिर्णित आला तर दुसरे शीर्षक घ्यावे, असे माझे मत आहे. त्यात वर्ग कशाचा आणि किती दिवसांचा, हे दोन्ही पहिल्याच ओळीत कळते.